दार लावून घेतलेला समुद्र

रोमचा एक माजी नगरप्रमुख इ. स. 417 च्या शरदात बोटीने घरी निघाला होता. त्याचे नाव रुतिलिउस नामातिआनुस. घर गॉलमध्ये, बहुधा आजच्या फ्रान्सच्या दक्षिण भागात. गॉथ टोळ्यांनी सात वर्षांपूर्वी रोम लुटले होते. इटलीच्या पश्चिम किनाऱ्याने जाणारा जुना राजरस्ता मोडकळीला आला होता, त्यावरचे पूल पडले होते. म्हणून त्याने लहान होड्यांतून, किनारा धरून, रोज थोडे थोडे अंतर कापत जायचे ठरवले. या प्रवासावर त्याने लॅटिनमध्ये एक दीर्घ कविता लिहिली. तिचा शेवट हरवला आहे. जे उरले आहे त्यात बंदरे आहेत, उजाड शहरे आहेत, जुने मित्र आहेत, आणि मध्येच एका ठिकाणी, कथेला काहीही गरज नसताना, मिठागरावरच्या सोळा ओळी आहेत.

मिठागराचे त्या काळातले वर्णन म्हणून इतिहासकार या ओळी वापरतात, आणि कवितेचे अभ्यासक बहुधा त्या ओलांडून पुढे जातात. मला वाटते, दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर थोडा अन्याय होतो. मीठ कसे पिकते हे ठाऊक असलेल्या माणसाने त्या सावकाश वाचल्या, तर कविता कुठे नेमकी आहे, कुठे चुकते आणि चुकूनही कुठे खरे बोलते, ते दिसू लागते.

आधी जागा पाहू. वादा नावाचे बंदर टस्कनीच्या किनाऱ्यावर आहे. डोंगरावरच्या वोल्तेरा शहराचे हे समुद्राकडचे दार. कवी तिथे पोचतो तेव्हा पहिली अडचण बंदरात शिरण्याचीच असते. पाणी इतके उथळ, की होडी कुठून न्यायची हे कळू नये. वाटेच्या दोन्ही बाजूंना खांब रोवलेले आहेत आणि त्यांना लॉरेलच्या पानांच्या फांद्या बांधलेल्या आहेत, म्हणजे लांबून वाट दिसते आणि दोन खांबांच्या मधून खोल पाणी धरून आत येता येते. हे वर्णन कवी बारकाईने करतो. पुढे वादळ सुटते, वायव्येचा वारा होड्यांना पुढे जाऊ देत नाही, आणि तो जवळच्या आल्बिनुसच्या वाड्यात आसरा घेतो. आल्बिनुस हा नगरप्रमुखपदावर त्याच्यानंतर आलेला तरुण मित्र. वाऱ्याने अडकलेल्या माणसाला करायला काही नसते, आणि वाड्याच्या खालीच मिठागर पसरलेले असते. तो ते पाहत बसतो.

खांब रोवलेली वाट आणि मिठागर या दोन गोष्टी कवितेत वीसेक ओळींच्या अंतराने येतात आणि कवी त्यांची सांगड घालत नाही. पण त्या एकाच जमिनीच्या दोन बाजू आहेत. जो सपाट, गाळाचा, चिकणमातीचा किनारा नावाड्याला धोक्याचा, तोच मीठ पिकवणाऱ्याला हवा असतो. खडकाळ आणि खोल किनाऱ्यावर बंदर चांगले होते, मिठागर होत नाही. मिठाला लागते ती पाणी न जिरवणारी चिकण, हाताने समतल करता येईल असा उतार, आणि समुद्राच्या पातळीपासून बोटभर वर-खाली असलेली विस्तीर्ण जागा. वादाला ती मिळाली होती.

आता त्या सोळा ओळी. लॅटिनमध्ये त्या आठ द्विपदी आहेत: प्रत्येक द्विपदीत एक लांब ओळ आणि मागून एक आखूड ओळ. पहिल्या द्विपदीत कवी एवढेच सांगतो की वाड्याखालची मिठागरे पाहायला सवड मिळाली, आणि त्या खाऱ्या दलदलीची ओळखच मिठागर ही आहे. दुसऱ्या द्विपदीत मात्र कारागिरी सुरू होते. समुद्र जमिनीत खणलेल्या पाटांतून उताराने आत येतो, आणि एक चिमुकला चर अनेक भागांत विभागलेल्या तळ्यांना पाणी देतो.

इथे थांबायला हवे, कारण या दोन ओळींत मिठागराचा जवळजवळ सगळा आराखडा आहे. उताराने आत येतो, हे पहिले. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी अगदी थोडी. टस्कनीच्या किनाऱ्यावर तर ती वीतभर किंवा फार तर थोडी जास्त. आपल्या मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाला चार-पाच मीटर पाणी चढते, म्हणून आगराची पातळी बरीच उंच ठेवली तरी चालते. महिन्यातून दोनदा समुद्र स्वतःच वर येऊन साठवणीची कोंडी भरून जातो. वादाला ही सोय नव्हती. तिथे मिठागराची पातळी समुद्रापेक्षा किंचित खाली ठेवावी लागते, तरच पाणी आपल्या वजनाने आत उतरते. कवीने उतार हा शब्द सजावटीसाठी घातलेला नाही. तो काढून टाकला, तर हे मिठागर चालतच नाही.

दुसरी गोष्ट, आकार कसा घटत जातो ते पाहा. लांब ओळीच्या सुरुवातीला समुद्र आहे, अख्खा समुद्र. आखूड ओळीत येईपर्यंत तो एका चिमुकल्या चरात मावला आहे. कवीने लांब आणि आखूड ओळींच्या जोडीचा इतका अर्थपूर्ण उपयोग फार थोड्या ठिकाणी केला असेल. मीठ पिकवणाऱ्याचे पहिले कामही हेच, समुद्राला घोटभर करून आत घेणे. पाणी जास्त आले तर सगळे बिघडते, कारण आधी आटवून घट्ट केलेल्या पाण्यात कोरे पाणी मिसळले की कित्येक दिवसांचे ऊन वाया जाते.

तिसरी गोष्ट, अनेक भागांत विभागलेली तळी. एकच मोठे तळे का पुरत नाही? कारण समुद्राच्या पाण्यात एकटे मीठ नसते. भूमध्य समुद्राच्या एका लिटरात साधारण 38 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात, आणि त्यात खायचे मीठ 30 ग्रॅमच्या आत-बाहेर. पाणी आटू लागले की हे क्षार एकदम खाली बसत नाहीत, ते क्रमाने बसतात. पाणी निम्म्याच्या आसपास आले की चुन्याचा अंश बसू लागतो. एक पंचमांशावर आले की जिप्सम बसू लागते. तळाला कडक, टोचणारा थर धरतो. एक दशमांशावर आले की मीठ उमलायला लागते. आणि त्यानंतरही आटवत राहिले तर शेवटी मॅग्नेशियमचे कडू क्षार येतात. म्हणून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवावे लागते: चुना पहिल्या वाफ्यांत टाकायचा, जिप्सम मधल्या वाफ्यांत टाकायचे, आणि जे स्वच्छ, जड, तेलकट वाटणारे पाणी उरेल तेवढेच शेवटच्या लहान वाफ्यांत घ्यायचे. नऊ दशांश पाणी आधीच घालवायचे असल्यामुळे पाणी तापवण्याच्या वाफ्यांची जागा मीठ धरण्याच्या वाफ्यांच्या कित्येक पट लागते. वाड्यावरून पाहणाऱ्याला मिठागर म्हणजे चौकोनांचे जाळे दिसते ते त्यामुळे. कवीला या क्रमाचे रसायन ठाऊक असणे शक्य नव्हते. पण विभागणी ही त्याला सांगण्याजोगी वाटली, आणि ती त्याने पाण्याच्या वाटेबरोबरच सांगितली.

त्या ओळीतले क्रियापदही पाहण्यासारखे आहे. चर तळ्यांना जे करतो ते लॅटिनमध्ये शेताला पाणी देण्याचे क्रियापद आहे. मिठागर म्हणजे शेत, आणि समुद्र म्हणजे पाटाचे पाणी. पुढच्याच द्विपदीत खरे शेत येते. श्वान तारा, म्हणजे व्याध, आपली आग घेऊन उगवतो, गवत फिके पडते, सगळे रान तहानलेले असते. युरोपात जुलैच्या अखेरीस व्याध पहाटे सूर्याच्या आधी पुन्हा दिसू लागायचा, आणि कडक उन्हाळ्याची ती खूण होती. ज्या दिवसांत शेतकरी आभाळाकडे पाहत बसतो, त्याच दिवसांत मिठाचे शेत भरात येते. दोन शेतांचे ऋतू एकमेकांच्या विरुद्ध आहेत, आणि ही गोष्ट कवी कुठेही बोलून दाखवत नाही. त्याने फक्त एक ओळ पाण्याने भरलेली ठेवली आणि तिच्याखाली एक ओळ सुकलेली ठेवली.

मग चौथी द्विपदी. आठांतली चौथी, म्हणजे बरोबर मध्यावर. तिथे दार लागते. झडपांच्या अडसरांनी समुद्र बाहेर कोंडला जातो, म्हणजे तापलेली जमीन थांबलेल्या पाण्याला कठीण करील. माझ्या मते या उताऱ्याचे हृदय इथे आहे. इतका वेळ समुद्र आत येत होता. आता त्याला बाहेर ठेवणे हेच काम. कोकणातल्या खारबंदिस्तीत ज्याला उघाडी म्हणतात तीच ही झडप: भरतीला पाणी घ्यायचे किंवा अडवायचे, आणि वेळ साधायची. मिठागरात झडप लागली की माणसाचे काम जवळपास थांबते आणि ऊन-वाऱ्याचे सुरू होते. वाफ्यातले पाणी वितीपेक्षा कमी खोल असते. खोल ठेवले तर पाणी तापायला वेळ लागतो आणि मीठ धरेपर्यंत पाऊस येतो. फार उथळ ठेवले तर मीठ पातळ धरते, फळी फिरवताना खालची माती उचलली जाते आणि मीठ मळकट होते.

कवितेत थांबलेले पाणी म्हणून जे येते त्यात कवीने दोन्ही अर्थ भरले आहेत: बाहेरचा प्रवाह तुटलेले, आणि वाऱ्याशिवाय न हलणारे. आणि कठीण करणारी म्हणून तो सूर्याचे नाव घेत नाही, जमिनीचे घेतो. हेही बरोबर आहे. उन्हाने तापलेला गडद चिखलाचा तळ खालून पाणी तापवत ठेवतो. तळ हा मिठागराचा सगळ्यात मोठा खर्च. तो पायांनी तुडवून, ठोकून, समतल करून घट्ट करावा लागतो. घट्ट झाला नाही तर महिनाभर आटवलेले पाणी रात्रीतून जिरते, आणि जिरण्याची खूण म्हणजे वाफ्याच्या एका कोपऱ्यात पाणी नेहमी आधी ओसरते. स्पेनच्या वायव्येला व्हिगो शहरात रोमन काळातले मिठागर उत्खननात मिळाले आहे. तिथे चिकणमाती आणि दगडी फरश्यांचा तळ आजही पाहता येतो. पाणी जिरू नये म्हणून लोक किती कष्ट घेत होते ते तिथे दिसते.

पाचव्या द्विपदीत पीक येते. कवी दह्या-चीजसाठी दुधाला विरजण लावावे तशी प्रतिमा घेतो: पाण्यातच असलेले जन्मजात विरजण प्रखर सूर्य आपल्यात घेते आणि उन्हाळ्याच्या उष्णतेने जड कवच एकवटते. आणि सहाव्यात उपमा येते डॅन्यूब नदीची: हिवाळ्यात ती गोठून खडबडीत होते आणि तिच्या बर्फावरून अवजड गाड्या जातात, तसे.

पहिल्या वाचनात ही उपमा उलटी वाटते. कडक उन्हाळ्याचे चित्र रंगवताना बर्फ कशाला? पण वाफ्याजवळ उकिडवे बसून पाहिले तर उपमेची नेमकी जागा सापडते. पाण्याची वाफ वरच्या पृष्ठभागावरून जाते, म्हणून सगळ्यात आधी तो पृष्ठभागच मिठाने भरून येतो. तिथे चौकोनी पोकळ वाटीसारखे बारीक स्फटिक तरंगू लागतात, एकमेकांना चिकटतात आणि पाण्यावर पातळ पापुद्रा धरतात. बर्फही नदीवर वरूनच धरतो. म्हणजे कवच, गोठणे, वरून धरणे, या सगळ्या गोष्टी दोन्हीकडे खऱ्या आहेत. फरक वजनात आहे. बर्फ पाण्यापेक्षा हलका, म्हणून तो वरच राहतो आणि गाडी पेलतो. मीठ जड, म्हणून पापुद्रा थोडा जाड झाला किंवा वाऱ्याची झुळूक आली की तो फुटून तळाला बसतो आणि तिथे वाढतो. कवीने कवचाला जड असे विशेषण लावले आहे. उपमेच्या आत त्याने तिचा अपवादही ठेवून दिला आहे, तो जाणीवपूर्वक असो वा नसो.

रोमन लेखक प्लिनीने इ. स. च्या पहिल्या शतकात याच पापुद्र्याबद्दल एक टिपण केले आहे, ते इथे उपयोगी पडते. उत्तरेचा वारा असला तर मीठ जास्त मिळते, दक्षिणेचा असला तर कमी, आणि मिठाचे फूल तर फक्त उत्तरेच्या वाऱ्यातच उमलते, असे तो सांगतो. इटलीत उत्तरेचा वारा कोरडा आणि दक्षिणेचा दमट. हवा दमट असली की पाणी वर जाण्याचा वेग मंदावतो, आणि पापुद्रा धरण्याआधीच रात्र होते. मिठासाठी ऊन लागते हे सर्वांना माहीत असते. कोरडा वारा उन्हाइतकाच लागतो हे वाफ्यावर काम केलेल्यांना माहीत असते. रुतिलिउसच्या कवितेत वारा मिठागरात येत नाही, वादळात येऊन गेलेला असतो.

शेवटच्या दोन द्विपदींत कवी थांबून विचार करतो. निसर्गातली कारणे तोलण्याची सवय असलेल्या माणसाने हे पाहावे, म्हणतो: थंडीने बांधलेले पाणी सूर्य लागताच सुटते, आणि वाहते पाणी सूर्यामुळेच कठीण होते. एकाच पदार्थावर एकाच सूर्याचे दोन उलटे परिणाम.

इथे तो चुकतो, आणि कुठे चुकतो हे सांगायलाच हवे. उन्हाने पाणी कठीण होत नाही. पाणी निघून जाते आणि जे कठीण आहे ते मागे राहते. बर्फात पाणीच आहे, मिठात पाणी जवळजवळ नाही. म्हणून दोन्हीकडे एकच पदार्थ नाही आणि कोडेही नाही. हा निवाडा बरोबर आहे, पण तेवढ्यावर कवीला सोडून देणे मला पटत नाही. काय जाते आणि काय राहते, हाच प्रश्न मीठ पिकवणारा दर दिवशी वाफ्याला विचारत असतो. मीठ धरून झाल्यावर उरलेल्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते पाणी वेळेवर सोडून द्यायचे असते. लोभाने ते आटू दिले तर मीठ कडवट होते आणि पोत्यात ओले राहते, कारण ते क्षार हवेतला ओलावा ओढतात. ओळखायची खूण सोपी: बोटांत चोळलेले मीठ सुके राहिले तर ठीक, चिकटले तर उशीर झाला. कवीने प्रश्न बरोबर जागी विचारला, उत्तर मात्र पाण्यात शोधले.

या कामाचा दुसरा अर्धा भाग दुसऱ्या एका रोमन कवीत सापडतो. मानिलिउस नावाच्या कवीने रुतिलिउसच्या चारशे वर्षे आधी ज्योतिषावर लिहिलेल्या काव्याच्या अखेरच्या पानांत, सागरी राक्षसाचा तारकासमूह उगवत असताना जन्मलेल्यांचे व्यवसाय सांगताना, मिठागरे आणली आहेत. तिथे माणसे आहेत: जमीन कडक करणारी, कडा बांधणारी, पाणी आणून दार लावणारी, आणि शेवटी समुद्राचे पांढरे केस कापावेत तसे मीठ गोळा करून त्याचे ढीग रचणारी. समुद्राचे विष वेगळे काढून त्यातूनच जीव राखणारे मीठ करतात, असेही तो म्हणतो. विष या शब्दात ते कडू पाणी आहे. रुतिलिउसच्या ओळींत फळी धरणारा एकही हात नाही. वाड्यातला पाहुणा वरून पाहत असतो, आणि वरून चौकोन दिसतात, पाठी वाकवलेली माणसे दिसत नाहीत. त्याच्या उताऱ्यातली ही मोठी रिकामी जागा आहे.

दुसरी एक गोष्ट मला वाचता वाचता थांबवून गेली. हा प्रवास शरदात उशिरा झाला. तो रोममधून निघाला तेव्हाच रात्री मोठ्या होत चालल्या होत्या, आणि आल्बिनुसच्या वाड्यात तर तो वादळाने अडकला. त्या दिवसांत वाफ्यांत मीठ असणे शक्यच नाही. पावसाचे पाणी साचलेले असणार, मीठ कधीच उचलून झाकून ठेवलेले असणार. कवीने ओल्या, बंद पडलेल्या चौकोनांकडे पाहिले आणि जुलै-ऑगस्टचे मिठागर लिहिले. आराखडा इतका स्पष्ट होता की त्यावरून सगळा उन्हाळा वाचता आला.

पिकाचा एक अंदाज करून पाहू, म्हणजे पुढचा व्यापार समजेल. समजा वाफ्यांची एकूण जागा एक हेक्टर आहे. भर उन्हाळ्यात रोज 5 मिलिमीटर पाणी आटते असे सावध मोजू. म्हणजे रोज 50 घनमीटर. साठ दिवसांत 3000 घनमीटर समुद्र आटला. कडू पाणी सोडून दिल्यावर एका घनमीटरमागे 25 किलो मीठ हाती येते असे धरले तर 75 टन होतात. पण पाणी जितके घट्ट होते तितके ते हळू आटते, काही जिरते, ऑगस्टमध्ये एखादी सर येऊन धरलेले मीठ विरघळवून जाते. म्हणून निम्मे, साधारण 35 ते 40 टन, हाती लागले तरी बरे म्हणायचे. आता रोमन लेखक कातोने शेतीवरच्या पुस्तकात सांगितलेले माप घेऊ: शेतावरच्या प्रत्येक गुलामाला वर्षाला एक मोदिउस मीठ पुरे. मोदिउस हे पावणेनऊ लिटरचे माप. त्यात मीठ भरले तर सुमारे नऊ किलो. म्हणजे एका हेक्टरावर चार हजार माणसांचे वर्षाचे मीठ. रोम शहरात सुमारे दहा लाख माणसे होती असे मानतात. त्यांना याच हिशेबाने नुसते खायला अडीचशे हेक्टर लागतील. मासे खारवणे, चीज, कातडी, गुरे यांचे मीठ त्यावर वेगळे.

म्हणूनच रोमची मुख्य मिठागरे तैबर नदीच्या मुखाशी होती, वादासारख्या लांबच्या ठिकाणी नव्हती. नदीच्या उत्तरेच्या त्या पट्ट्यात झालेल्या उत्खननात मातीच्या उंच कुंभांच्या रांगा लावून बांधलेला बांध मिळाला आहे. कुंभांची संख्या हजाराच्या वर. तिथून मीठ नदीने वर येई. शहरात आव्हेंतिन टेकडीच्या पायथ्याशी, नदीकाठी, मिठाच्या कोठारांची जागा होती आणि त्या भागाला मिठागरे हेच नाव पडले होते. पोती वाहणाऱ्या हमालांचा संघही होता. त्यांचा शिलालेख सापडला आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला कोल्लिना वेशीतून मिठाचा रस्ता, व्हिया सालारिया, सुरू होई आणि डोंगर चढून साबिन लोकांच्या मुलखात जाई. हा रस्ता साबिनांकडे मीठ नेण्यासाठी होता असे प्लिनीही नोंदवतो. साबिनांकडे मेंढरांचे कळप होते, आणि कळपाला मीठ लागते.

मीठ जड आणि स्वस्त असते. दूरच्या व्यापाराची अडचण हीच. इ. स. 301 मध्ये दिओक्लेशियन बादशहाने कमाल दरांची जी यादी काढली, तिच्यात मिठाचा दर लष्करी मोदिउसाला 100 देनारी आहे, गव्हाइतकाच. त्याच यादीत 1200 रोमन पौंडांची, म्हणजे सुमारे 390 किलोची, गाडी न्यायला मैलाला 20 देनारी आहेत. लष्करी मोदिउस नेमका केवढा यावर अभ्यासकांचे एकमत नाही, पण लहान-मोठे दोन्ही आकार धरून पाहिले तर गाडीभर मिठाची किंमत दोन हजार ते अठ्ठावीसशे देनारी निघते. याचा अर्थ, शंभर ते एकशेचाळीस मैलांवर वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीइतका होतो. साबिनांचे रेआते गाव रोमपासून पन्नासेक मैलांवर. तिथपर्यंत किंमत तिसऱ्या हिश्शाने ते निम्म्याने वाढते. आपल्याकडेही कोकणातले मीठ घाट चढून वर गेले ते लमाण-वंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवर, आणि घाटमाथ्यावरचा भाव किनाऱ्यावरचा भाव राहिला नाही तो याच हिशेबाने. पाण्याने नेले तर मात्र हाच माल कितीही लांब जातो, म्हणून मिठागराच्या शेजारी बंदर असणे ही चैन नव्हती, गरज होती. वादाच्या बंदरात कोठारे आणि स्नानगृहे उत्खननात मिळाली आहेत. कवितेत त्यांचा उल्लेख नाही.

राज्यकर्त्यांनाही हा हिशेब कळत होता. इ. स. पू. 204 मध्ये कार्थेजशी युद्ध चालू असताना सेन्सॉर मार्कुस लिविउस याने मिठावर नवा भार टाकला. रोममध्ये दर जुनाच ठेवला, पण बाहेरच्या बाजारगावांत तो वाढवला, आणि ठिकाणागणिक वेगवेगळा ठेवला. लोकांनी त्याला सालिनातोर, मीठवाला, हे नाव चिकटवले, आणि ते त्याच्या कुळाच्या नावात कायम झाले.

रुतिलिउसनंतर एकशेवीस वर्षांनी, 537 च्या सुमारास, कासिओदोरुस नावाच्या मंत्र्याने आद्रिआतिक समुद्राच्या उत्तरेच्या उथळ खाडीतल्या वस्त्यांना एक सरकारी पत्र लिहिले. काम साधे होते: इस्त्रियाचा दारू-तेलाचा साठा तुमच्या होड्यांनी राव्हेन्नाला आणा. पण पत्र लिहिता लिहिता तो त्या लोकांचे वर्णन करत जातो. ते बदकांसारखे पाण्यावर राहतात, वेतांनी बांधलेल्या बांधांवर घरे करतात, होड्या जनावरांसारख्या भिंतींना बांधून ठेवतात. नांगर आणि विळ्याऐवजी ते रूळ फिरवतात. त्यांच्या सगळ्या पिकाचा जन्म तिथेच होतो, आणि जे त्यांच्याकडे नाही ते मिठाच्या बदल्यात येते. सोने नको म्हणणारा एखादा भेटेल, पण मीठ नको म्हणणारा कुणी भेटणार नाही, असा त्याचा दावा आहे. रूळ म्हणजे तळ दाबून घट्ट करण्याचे साधन. रुतिलिउसच्या तापलेल्या जमिनीचे काम इथे माणसांच्या हातात दिसते: ओल्या चिकणीवर लाकडी रूळ पुन्हा पुन्हा फिरवणारे खाडीतले लोक, ज्यांच्या होड्यांवर राव्हेन्नाचा शिधा अवलंबून होता.